हो किंवा नाही एवढंच कळवा

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी एका माणसाला फाडून खात होते, तेव्हा ती मेल आली.

माझं ओरडणं बरोबर होतं, हे आधीच सांगून ठेवते. आमची प्रयोगशाळा मोजायची साधनं तपासते. लशींच्या फ्रिजमधले, कारखान्यांच्या भट्ट्यांमधले तापमापी आमच्याकडे येतात. आम्ही ते आमच्या प्रमाण तापमापीच्या शेजारी एकाच पाण्यात बुडवतो, पाणी स्थिर होईपर्यंत थांबतो, दोघांचे आकडे लिहितो आणि कोणाची किती चूक आहे ते दाखल्यावर छापून देतो. दाखल्याखाली सही माझी. आमच्याकडे सही करायला मान्यता असलेली माणसं दोन होती, त्यातला एक गेल्या वर्षी सोडून गेला. आता मी एकटीच.

आमचा तंत्रज्ञ, दोन मुलांचा बाप, चांगला शहाणासुरता माणूस. त्याने त्या दिवशी एका तापमापीचे आकडे मागच्या वर्षीच्या कागदावरून जसेच्या तसे उतरवले होते. सगळे पाच बिंदू, शेवटच्या दशांशापर्यंत तेच.

"मोजलंस?" मी विचारलं.

"मॅडम, हा दर वर्षी तेवढाच येतो. चार वर्षं झाली, कणभर हलला नाही."

"मी विचारलं, मोजलंस का?"

त्याने तो जुना कागद हळूच बाजूला सरकवला.

"अरे, मागच्या वेळचं उत्तर या वेळी चालत असतं तर लोकांनी आपल्याला पैसे कशाला दिले असते? न मोजलेल्यावर मी सही करू? उद्या कुणाच्या लशी सडल्या तर तू जाणार आहेस का सांगायला, की 'दर वर्षी तेवढंच येतं' म्हणून?"

माझा आवाज चढला की काचा थरथरतात असं सगळे म्हणतात. तो बिचारा खाली मान घालून तापमापी परत पाण्यात सोडायला गेला, आणि टेबलावरचा माझा फोन टिंग वाजला.

मेल नोकऱ्या लावून देणाऱ्या एका एजन्सीकडून होती. तिथल्या बाई मला ओळखतात. म्हणजे आवाजाने ओळखतात, कधी भेटलो नाही. त्यांनी लिहिलं होतं की एका मोठ्या औषध कंपनीला तापमान प्रयोगशाळेचा प्रमुख हवा आहे, नवीन प्रयोगशाळा उभी करायची आहे, तुमची माहिती त्यांना आवडली आहे. पगार वगैरे सगळं होतं. आणि शेवटी एकच प्रश्न:

'काम त्यांच्याच शहरात, रोज जागेवर हजर राहून करायचं आहे. या पदासाठी तुम्ही शहर बदलायला तयार आहात का? कृपया हो किंवा नाही एवढंच कळवा.'

एवढंच! जणू चहात साखर हवी का विचारतायत.

आमच्या धंद्यात नुसता आकडा कुणी लिहीत नाही. सदतीस अंश म्हटलं की पुढे 'इतकं अधिक किंवा उणे' लिहावंच लागतं, नाहीतर तो आकडा फुकट. आणि इथे माझ्या आयुष्याचा प्रश्न, तर त्याला अधिक-उणे काही नाही. हो किंवा नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्या बाईंचा फोन आलाच. सर्दी झालेला, घाईतला, पण गोड आवाज.

"मॅडम, मेल बघितलीत? मागच्या वेळी तुम्ही नाही म्हणाला होता, म्हणून मी आपली जुन्या मेलवरच उत्तर टाकलंय, संदर्भ राहावा म्हणून. आई कशी आहे आता?"

"बरी आहे," मी म्हटलं.

"छान. हे बघा, कंपनी महिनाभर राहायची सोय करतेय, सामान हलवायचा खर्च देतेय. फक्त वर्षाच्या आत सोडलंत तर तो परत द्यावा लागेल. त्यामुळे त्यांना आधी स्पष्ट 'हो' पाहिजे. 'बघू', 'विचार करते' असं लिहिलंत ना, तर ते सरळ 'नाही'त धरतात. मागे एकाने तीन मुलाखती दिल्या आणि शेवटी म्हणाला बायको तयार नाही. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावलाय. गुरुवारी पाचला मी नावं पाठवतेय. तोवर कळवा."

मी फोन ठेवला आणि डबा उघडलाच नाही.

आता खरं सांगते, कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. या बाईंना मी याआधी दोनदा नाही म्हटलं होतं. चार वर्षांपूर्वी एकदा, तीन वर्षांपूर्वी एकदा. दोन्ही वेळा उत्तर एकच होतं, शब्दही तेच: 'आईची प्रकृती बरी नसल्यामुळे सध्या शहर बदलणं शक्य नाही.' पहिल्यांदा लिहिलं तेव्हा इतकं चपखल जमलं की मी ते फोनमध्ये साठवूनच ठेवलं. दुसऱ्यांदा नुसतं बोट लावलं आणि पाठवलं.

आणि आईला काय झालं होतं तेव्हा? काहीही नाही! चार वर्षांपूर्वी आई सकाळी दोन मैल चालून यायची आणि वर मलाच ऐकवायची, "तुझ्या वयात मी अशी पडून नसायची." मला भीती वाटली होती, एवढंच. नवं शहर, नवी माणसं, चाळिशीच्या उंबऱ्यावर कोण कुठला साहेब मला काय विचारेल, मला जमेल की नाही. पण 'मला भीती वाटते' असं कोण लिहितं? आईचं आजारपण सगळ्यांना पटतं. त्यावर कुणी उलट प्रश्न करत नाही.

आमच्या आईची एक सवय आहे. घरात कुणी काही वाईट बोललं की ती ताडकन म्हणते, "शुभ बोल. वास्तू तथास्तु म्हणत असते." लहानपणी शाळा बुडवायला पोट दुखतंय म्हटलं तरी हेच. मी हसायचे. हसतच मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते दोन्ही नकार पाठवले.

दोन वर्षांपूर्वी आईची नजर जायला लागली. आधी मधलंच गेलं: समोरच्या माणसाचं तोंड दिसेना, त्याच्या कडेची भिंत दिसे. डॉक्टर म्हणाले, पडदा झिजतोय, थांबवता येईल तेवढं थांबवू. थांबलं काही नाही. आता तिला उजेड कळतो आणि कडेकडेने काहीतरी हललेलं कळतं. बास.

मी देवभोळी नाही. आकड्यांवर जगणारी बाई आहे. पण त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसले असताना माझ्या मनात आलं ते फोनमधलं साठवलेलं वाक्य. आईची प्रकृती बरी नसल्यामुळे. तथास्तु.

ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आणि आता गंमत बघा. या वेळी मला जायचं होतं. अगदी आतून, पोटातून जायचं होतं. त्रेचाळीस वर्षांची झाले, जुन्या पाण्यात तेच तापमापी बुडवतेय, आणि कुणीतरी म्हणतंय की ये, नवी प्रयोगशाळा आहे, पहिलं यंत्र कुठे ठेवायचं ते तू ठरव. भीती कुठे गेली कोण जाणे. जेव्हा जाता येत होतं तेव्हा मी खोटं सांगितलं, आणि आता जायचंय तर ते खोटं खरं होऊन घरात बसलंय. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण त्या लांडग्याला आपणच घरी जेवायला बोलावलं असेल तर काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

दुपारी मालकांनी आत बोलावलं. आमचे मालक साधे आहेत आणि तीच पंचाईत आहे. वाईट असते तर बरं झालं असतं. आईला पहिल्यांदा डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांच्याच गाडीतून नेलं होतं, स्वतः चालवत.

"पुढच्या महिन्यात आपल्या मान्यतेचे तपासणीवाले येतायत," ते म्हणाले. "तुझी सगळी तयारी आहे ना?"

"आहे."

"मला माहीतच होतं. तू आहेस म्हणून मी निवांत झोपतो बघ. तुझी सही नसेल तर उद्यापासून आपण एक दाखला देऊ शकत नाही. दुकानाला कुलूपच."

ते हसले. मीही हसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटलं की यांना सगळं कळलंय. कळलं काहीच नव्हतं. ते बिचारे कौतुक करत होते, आणि मला वाटत होतं की कुणी बाहेरून दाराला कडी घालतंय.

संध्याकाळी घरी गेले. आमच्या घरात गेली दोन वर्षं एकही वस्तू बोटभर हललेली नाही. मिठाच्या बरणीला एक रबर, साखरेच्या बरणीला दोन. गरम पाण्याच्या नळाला दोरी बांधलेली. दारापासून पलंगापर्यंत अकरा पावलं, पलंगापासून मोरीपर्यंत सात, आणि मध्ये काहीही ठेवायचं नाही. एकदा मी पिशवी वाटेत ठेवली आणि आई त्यात अडकून पडली. तेव्हापासून मी माझी चप्पलसुद्धा नियमात काढते. या घरात आई चहा करते, भाजी चिरते, कपड्यांच्या घड्या करते. नव्याने आलेल्या माणसाला दहा मिनिटं तरी कळत नाही की हिला दिसत नाही.

"काय गं, आज पाय ओढत आलीस," आई म्हणाली.

"दमले."

"कामाने माणूस दमतो तेव्हा पिशवी आपटतो. तू आज हळूच ठेवलीस."

आईला सगळं कसं कळतं हे मला पूर्वीपासून कोडं आहे. माझं पार्सल येणार असलं की पार्सलवाल्याच्या आधी तिला ठाऊक असतं. मागे एकदा म्हणाली, "तुझा विमा संपत आलाय ना?" मला वाटायचं, डोळे गेले की कान तीक्ष्ण होतात म्हणतात, त्यातलंच काहीतरी.

जेवण झाल्यावर गच्चीत जाऊन मी धाकट्या भावाला फोन केला. तो बायको-मुलांसह दुसरीकडे राहतो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

"अगं, मस्तच संधी आहे," तो म्हणाला. "घे तू. माझा पूर्ण पाठिंबा आहे."

"आणि आई?"

"आईला घेऊन जा की."

"नव्या घरात ती एकटी दिवसभर काय करेल? तिला मोरी सापडायला महिना लागेल. तू नेतोस का वर्षभर?"

"मी... नेलं असतं गं. पण जिना आहे ना आमच्याकडे. आणि हिची नोकरी, पोरांच्या परीक्षा. बघ, तू ठरवशील ते मला मान्य आहे."

तू ठरवशील ते मान्य! ठरवायचं काही शिल्लक नसलं की माणसं किती उदार होतात. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण पुढचे चार दिवस तो फोन करणार नाही एवढी व्यवस्था झाली.

बुधवारी मी दिवसभरात 'हो' तीनदा टाइप केलं आणि तीनदा खोडलं. मग ते साठवलेलं वाक्य काढलं. बोट लावलं की काम झालं असतं. या वेळी तर खोटंही नव्हतं! पण हात होईना. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण निदान त्या माणसाला दोन दिशा तरी असतात. मला वाटत होतं की मी विहिरीतच आहे आणि वरून कुणीतरी नम्रपणे विचारतंय, मॅडम, वर यायला तयार आहात का, हो किंवा नाही एवढंच कळवा.

संध्याकाळी घरी आले तर आईच्या नडगीवर हा एवढा काळानिळा डाग, आणि कोपराला खरचटलेलं.

"हे काय झालं?"

"पलंग लागला."

"कुठला पलंग? आपला पलंग तुला कधीपासून लागायला लागला?"

"लागला म्हटलं ना! वय झालं की पलंगसुद्धा शिंगं उगारतो. मलम लाव आणि गप्प बस."

मी मलम लावलं. मनात म्हटलं, बघ, या घरातसुद्धा आता ती धडपडायला लागली. आणि मी निघाले शहर बदलायला. त्या क्षणी माझं 'नाही' जवळजवळ ठरलंच होतं.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दुपारीच घरी आले. म्हटलं, निवांत बसून त्या बाईंना नीट उत्तर लिहू. आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी दार माझ्या किल्लीने उघडलं, चप्पल काढली आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर टेकले. चार वाजायला आले होते.

माझा फोन टिंग वाजला. एजन्सीच्या बाई: 'मॅडम, पाचला नावं जातायत. तुमच्या उत्तराची वाट बघतेय.'

आणि मी हे वाचत असतानाच स्वयंपाकघरातून एक आवाज आला. सपाट, न थांबणारा, बाईचा आवाज.

"नवीन मेल. मॅडम, पाचला नावं जातायत. तुमच्या उत्तराची वाट बघतेय."

माझा फोन तर माझ्या हातात होता.

तो आईच्या फोनचा आवाज होता. आईचा फोन बोलतो. आलेलं सगळं तिला वाचून दाखवतो. दीड वर्षापूर्वी मीच तो लावून दिला होता. दवाखाना तपासण्यांचे कागद मेलने पाठवायचा, आईची स्वतःची मेल नव्हती, म्हणून मी माझीच तिच्या फोनवर चालू करून दिली. म्हटलं, दवाखान्याचं काय ते तिलाही ऐकू येईल. आणि विसरून गेले, कारण मी घरी असले की आई तो बंद करून ठेवते. पार्सल, विमा, पायाच्या मापाची चप्पल अर्ध्या किमतीत, सगळं दीड वर्षं या घरात मोठ्याने वाचलं जात होतं. दुसऱ्यांच्या साधनांतली शतांश अंशाची चूक पकडणारी मी. धन्य!

आतला आवाज थांबला नव्हता. एक मेल संपली की तो तिच्याखालची जुनी वाचतो. मंगळवारचा प्रश्न वाचून झाला. मग तीन वर्षांपूर्वीची तारीख, माझं नाव, आणि: "आईची प्रकृती बरी नसल्यामुळे सध्या शहर बदलणं शक्य नाही." मग चार वर्षांपूर्वीची तारीख. माझं नाव. "आईची प्रकृती बरी नसल्यामुळे सध्या शहर बदलणं शक्य नाही."

मग मटाराची शेंग मोडल्याचा आवाज.

"आलीस ते कळलंय मला," आई आतून म्हणाली. "ये इकडे."

मी जाऊन तिच्यासमोर बसले. ती माझ्या डावीकडे बघत होती. तिला माणूस बघायचा असला की असंच शेजारी बघावं लागतं.

"मंगळवारपासून ऐकतेय," ती म्हणाली. "आज सांगशील, उद्या सांगशील. तू नुसती मलम लावतेस."

"आई..."

"चार वर्षांपूर्वी मी सुईत दोरा ओवत होते. तुझ्या ब्लाउजला हुक मी लावले. मग प्रकृती कुणाची बरी नव्हती?"

मंगळवारी त्या तंत्रज्ञावर ओरडलेलं एकेक वाक्य माझ्याच तोंडावर परत येत होतं. मोजलंस? न मोजलेल्यावर सही केलीस?

"माझी," मी म्हटलं. "मला भीती वाटली होती. आणि ते लिहिणं सोपं होतं. आई, मी ते लिहिलं आणि मग तुझे डोळे..."

मी रडायला लागले, चांगली हुंदके देऊन, या वयात. आईने थोडा वेळ रडू दिलं.

"वेडी आहेस का? तुझ्या मेलने माझे डोळे गेले? डॉक्टरला सांग, तोही हसेल."

"वास्तू तथास्तु म्हणते, तूच सांगत आलीस."

"ते पोरांना वळण लागावं म्हणून म्हणायचं असतं गं!" ती म्हणाली. मग तिने एक शेंग हातातल्या हातात फिरवली. "त्याचा राग नाही मला. राग याचा आहे की तू मला कारण केलंस आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. दोनदा. आणि आता तिसऱ्यांदा तेच करणार होतीस."

"मग आता विचारते," मी म्हटलं. घड्याळात सव्वाचार झाले होते. "येशील माझ्याबरोबर? नवीन घर, नवीन शहर. मी एक महिना सुट्टी मागेन, तुला घर पाठ करून देईन. येशील?"

आईने साडी जराशी वर घेतली आणि नडगीवरचा डाग माझ्यापुढे केला.

"हा आपल्या पलंगाचा नाही. काल वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका बाईंना म्हटलं, तुमच्या घरात मला तासभर एकटी सोडा, तुम्ही बाहेर जा. त्यांचं घर आपल्यासारखंच आहे, फक्त उलटं. म्हटलं, बघू तर जमतंय का. जमलं तर तू विचारायच्या आधीच सांगीन, चल म्हणून."

"आणि?"

"तासभरात तीनदा पडले. तिसऱ्यांदा उठलेच नाही. जमिनीवर बसून राहिले त्या येईपर्यंत. पाणी हवं होतं, माठ कुठे आहे कळेना. त्यांच्या घरात मी ओरडलेसुद्धा नाही, लाज वाटली." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "इथे मला दिसत नाही, एवढंच आहे. तिथे मी आंधळी होईन."

माझ्या मनात आलं की मी विचारायच्या आधी तिने मोजून बघितलं. मी चार वर्षांत जे एकदा केलं नाही, ते तिने तीनदा पडून केलं.

"आईने म्हणायचं असतं, जा बाई, माझी काळजी करू नकोस," ती म्हणाली. "दोन दिवस तेच पाठ करतेय. पण नाही येत तोंडातून. मी एकटी नाही राहू शकत. धाकट्याकडचा जिना मला ठाऊक आहे आणि धाकटाही ठाऊक आहे. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. हे असं आहे. खोटं बोलणार नाही."

"मग मी 'नाही' लिहिते."

"लिही. पण माझं नाव घालायचं नाही. माझी प्रकृती, माझे डोळे, काही नाही. तुझं 'नाही' तुझ्या नावावर."

मी फोन घेतला. 'नाही' लिहिलं. दोनच अक्षरं, आणि पुढे सवयीने बोट त्या साठवलेल्या वाक्याकडे गेलं. मी ते वाक्य पुसून टाकलं, कायमचं. मग बराच वेळ नुसती बसले. कारण काय लिहू? आईचं नाव घालायचं नाही म्हटल्यावर कारणच उरत नव्हतं, आणि तरी मी जाऊ शकत नव्हते. पाचला दहा कमी असताना मी आणखी एक वाक्य लिहिलं आणि पाठवून दिलं.

"काय लिहिलंस?" आईने विचारलं.

"नाही म्हणून लिहिलं."

"बरं केलंस."

ती मटार सोलू लागली. मी पाणी प्यायला उठले. माठ जिथे असतो तिथेच होता. मनात म्हटलं, उद्यापासून प्रयोगशाळेच्या तपासणीच्या कागदांना लागायला हवं.

एजन्सीचं उत्तर पाच मिनिटांत आलं. बाई सभ्य आहेत. पण त्या माझ्या मेलवरच उत्तर देतात हे मी पुन्हा विसरले होते, आणि आईचा फोन तिच्या मांडीशेजारीच होता.

"नवीन मेल," तो सपाट आवाज म्हणाला. "धन्यवाद मॅडम. तुमच्या नावापुढे शहर बदलण्यास तयार नाही अशी नोंद केली आहे. यापुढे बाहेरगावच्या कामांसाठी तुम्हाला त्रास देणार नाही." मग क्षणभर थांबला, माझं नाव घेतलं, आजची तारीख सांगितली, आणि वाचलं:

"नाही. या वेळी मला यायचं होतं."

आईचे हात थांबले. एक दाणा ताटातून घरंगळून खाली गेला, तो तिला ऐकू आला असणार, पण ती वाकली नाही. मी माठाशी, तिच्याकडे पाठ करून उभी होते. वळायचा धीर होईना.

मग तिने चाचपून फोन उचलला, अंगठ्याने जागा शोधली आणि ते पुन्हा वाचायला लावलं.